सिन्नरला २० बाय ४२ मीटरची शेड: पीईबी घ्यावी की नेहमीची गर्डर-चॅनलची?

लेथवाला

नमस्कार मंडळी. सिन्नरला प्लॉट मिळाला आहे, मशीनशॉप तिकडे हलवायचं आहे. शेड २० मीटर रुंद आणि ४२ मीटर लांब, म्हणजे ७ मीटरचे सहा गाळे. पन्हळीपाशी उंची ८ मीटर. खाली ३ मीटर विटांची भिंत आणि वर पत्रा. आत ५ टनाची एक क्रेन पूर्ण लांबीभर फिरेल, खालून पेंडंटवर चालवायची, केबिन वगैरे काही नाही.

तीन कोटेशन आली आहेत. पहिली पीईबी कंपनी, म्हणजे सांगाडा आधी डिझाइन करून कारखान्यात तयार करून आणणारी, म्हणते २७ टन लोखंड, दुसरी पीईबी कंपनी म्हणते २२ टन. दोघांचाही दर एकरकमी. तिसरा आमच्या ओळखीचा नाशिकचा फॅब्रिकेटर. तो बाजारातले गर्डर आणि चॅनल वापरून नेहमीची शेड देणार, अंदाजे ४३ टन, आणि बिल वजनकाट्यावर किलोने. पत्रा तिघांनीही वेगळा धरला आहे. पैशात पाहिलं तर २२ टनवाला सर्वांत स्वस्त, २७ टनवाला त्याच्यापेक्षा साधारण १५ टक्के वर, आणि फॅब्रिकेटर त्याच्याही बराच वर.

माझा प्रश्न एवढाच: शेड तीच, क्रेन तीच, मग एकाला २२ टन पुरतं आणि दुसऱ्याला ४३ टन का लागतं? कोण मला फसवतंय?

आप्पा_वर्कशॉप

फसवत कोणी नाही, पण ४३ टनवाला तुम्हाला शेड देतोय आणि २२ टनवाला पापड. मी तीस वर्षं हेच काम करतो. पीईबीच्या राफ्टरची, म्हणजे छताच्या तिरप्या तुळईची, उभी प्लेट ४ मिलिमीटरची असते, काही वेळा ५. कॅलिपर लावून बघा. आमच्या गर्डरला ती ९ मिलिमीटरच्या आसपास असते. सातपूरला माझ्या वडिलांच्या काळात उभ्या केलेल्या शेड आजही जशाच्या तशा आहेत, आणि त्यांत मालकांनी नंतर काय काय लटकवलं ते विचारू नका. वजन म्हणजे ताकद, सरळ हिशेब आहे.

निळा_पत्रा

आम्ही मागच्या वर्षी साइट ऑफिससाठी प्रीफॅब घेतलं होतं, पफ पॅनेलचं. उन्हाळ्यात एसी लावला की छान थंड राहतं, पण पावसात सांध्यातून पाणी येतं. सिलिकॉन भरून घ्या. बाकी अनुभव चांगला.

साइटवर_भेटू

निळा_पत्रा, ते पोर्टा केबिन झालं हो. इथे अख्ख्या कारखान्याच्या सांगाड्याबद्दल चाललंय.

तिरपी_तुळई

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दोन्ही प्रकारच्या शेड डिझाइन करते. आप्पा, वजन म्हणजे ताकद हे निम्मंच खरं आहे. लोखंड कुठे आहे त्यावर बाकीचं निम्मं ठरतं.

वरून भार आला की अशा चौकटीत सर्वांत जास्त वाकवणारा जोर येतो कॉलम आणि राफ्टर जिथे भेटतात त्या कोपऱ्यात. तिथून पुढे राफ्टरमध्ये तो झपाट्याने कमी होतो आणि मोभाकडे जाताना थोडा परत वाढतो. बाजारातला गर्डर अख्ख्या लांबीत सारखाच जाड, त्यामुळे कोपऱ्यासाठी निवडलेलं माप उरलेल्या पंधरा-सोळा मीटरलाही मिळतं. पीईबीवाला प्लेटा कापून, वेल्ड करून कोपऱ्यात खोल आणि मध्ये उथळ असा राफ्टर बनवतो. वर त्याची प्लेट साधारण ३५० मेगापास्कल ताकदीची असते, बाजारातला गर्डर बहुधा २५० चा. म्हणून कमी वजनात तेवढाच भार झेलणं ही लबाडी नाही.

पण लेथवाला, तुमच्या ४३ आणि २७ मधला फरक या चौकटींचा आहे असं मला वाटत नाही. फॅब्रिकेटरकडून वजनाची फोड मागवा: कॉलम-राफ्टर किती, छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पर्लिन किती, बाजूच्या पत्र्यामागचे गर्ट किती, क्रेनचा गर्डर किती. पीईबीवाल्या दोघांकडूनही तेच मागा. आणि त्या दोघांच्या कोटेशनमध्ये डिझाइनचा आधार असं एक पान असेल, ते इथे टाका. छतावर लाइव्ह लोड, म्हणजे चढणाऱ्या माणसांचा-सामानाचा तात्पुरता भार, किती धरला, वारा किती, क्रेनपाशी कॉलम किती हलू दिला, आणि न धरलेल्या गोष्टींची यादी. बहुतेक उत्तर त्या पानावरच असतं.

आणखी एक. किलोवर पैसे घेणाऱ्याला शेड जड झाली तर फायदा, एकरकमी घेणाऱ्याला हलकी झाली तर फायदा. दोघंही प्रामाणिक असले तरी शंका आली की एकाचा हात जाड मापाकडे जातो आणि दुसऱ्याचा बारीक मापाकडे. तुमचं काम एवढंच की दोघांना एकाच भारावर आणायचं.

गोदामवाला_भिवंडी

आमचं गोदाम आहे, क्रेन नाही, रुंदी मोठी. तिथे पीईबीला पर्याय नाही असं माझं मत. मधले खांब कमी लागतात, आणि पाया चालू असताना तिकडे कारखान्यात सांगाडा तयार होत असतो. भाडं लवकर सुरू होतं, यातच सगळं आलं.

पण एक गोष्ट सांगतो. आम्ही नंतर छतावर सोलर घ्यायचं ठरवलं. सोलरवाला म्हणाला, पॅनेल आणि रेल मिळून चौरस मीटरला १५ किलोच्या आत येईल, काहीच नाही. आमच्या सल्लागाराने मूळ ड्रॉइंग काढलं तर त्यात छताखाली किंवा वर जादा भार शून्य धरलेला. मूळ कंपनीने लेखी द्यायला नकार दिला. शेवटी पर्लिनच्या मधोमध आणखी पर्लिन टाकल्या, काही राफ्टरना खालून प्लेट जोडली, आणि सोलर निम्म्या छतावरच बसलं. आधी लिहून घेतलं असतं तर फार थोड्या पैशात झालं असतं.

आप्पा_वर्कशॉप

हेच तर मी म्हणतोय! आमच्या शेडमध्ये असलं काही विचारावंच लागत नाही.

लेथवाला

ताई, फोड मिळाली. फॅब्रिकेटर: सात चौकटी मिळून सुमारे १७ टन, पर्लिन ११ टन (१५० चे चॅनल), बाजूचे गर्ट साडेसहा टनाच्या आत (१२५ चे चॅनल), क्रेन गर्डर साडेसात टन, बाकी ब्रेसिंग वगैरे.

२७ टनवाला: चौकटी साडेचौदा टन, पर्लिन ४ टन, गर्ट पावणेतीन टन, क्रेन बीम ५ टन, बाकी किरकोळ. पर्लिन-गर्ट गॅल्वनाइज्ड पत्रा झेड आकारात वळवलेले, जाडी २ मिलिमीटर. आधाराच्या पानावर आपला लोखंडी बांधकामाचा कोड आयएस ८००, लाइव्ह लोड ०.७५.

२२ टनवाल्याच्या पानावर अमेरिकन कोड, लाइव्ह लोड ०.५७, कॉलमची हालचाल उंची भागिले १००. आणि शेवटी बारीक अक्षरांत 'क्रेन बीम व रेल ग्राहकाकडून' असं लिहिलंय. हे मी वाचलंच नव्हतं, आमच्या अकाउंटंटने दाखवलं.

तिरपी_तुळई

मग कोडं सुटलं म्हणायचं. आधी २२ आणि २७ घेऊ. क्रेनचा बीम दोन्ही बाजूंनी ४२ मीटर, म्हणजे ८४ मीटर. ७ मीटरच्या गाळ्याला आणि ५ टन क्रेनला मीटरमागे ६० किलोच्या आसपास लागतो, की झाले ५ टन. २२ मध्ये ५ मिळवा. दोघंही एकाच जागी आले, आणि दुसरा अजून कमी भारावर आहे.

आता तो भार. आपल्या भारांच्या कोडमध्ये, आयएस ८७५ मध्ये, ज्या उतरत्या छतावर कामाशिवाय कोणी चढत नाही आणि उतार १० अंशांपर्यंत आहे, तिथे चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन धरायचा. अमेरिकन पद्धतीत मोठ्या छताला ०.५७ पर्यंत येतो. अमेरिकन कोड वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो त्यांच्या जागी पूर्ण आहे. पण इथे बरेचदा वारा आपल्या कोडचा, लाइव्ह लोड त्यांचा आणि हालचालीची मर्यादा त्यांची, अशी ज्यातून वजन कमी निघेल तेवढी खिचडी होते. ती चालवून घेऊ नका.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं वाक्य 'उंची भागिले १००' हे आहे. तुमची रेल समजा ६ मीटरवर आहे. त्या हिशेबाने कॉलम रेलपाशी ६० मिलिमीटरपर्यंत हलला तरी डिझाइन पास. आयएस ८०० मध्ये पेंडंटवर चालणाऱ्या क्रेनला आणि पत्र्याच्या भिंतीला मर्यादा उंची भागिले २००, म्हणजे ३० मिलिमीटर. शेड ६० लाही पडणार नाही. पण समोरासमोरचे कॉलम सारखे हलत नाहीत, मग दोन रेलमधलं अंतर कमी-जास्त होतं, क्रेनची चाकं रेलच्या कडेला घासतात. काही महिन्यांत चाकाची किनार एका बाजूने चमकायला लागते, क्रेन ठरावीक गाळ्यात कुरकुरते किंवा अडते, आणि क्रेनवाला म्हणतो शेडचा दोष, शेडवाला म्हणतो क्रेनचा. तुमच्याकडे ३ मीटर विटांची भिंतही आहे. ती कॉलमला घट्ट बांधली असेल तर तिच्या तडा जाण्याचाही विचार करावा लागेल, तिथे मर्यादा आणखी कडक होते.

आता ४३ आणि २७. फरक सोळा टनांचा. त्यात पर्लिनमध्ये ७ आणि गर्टमध्ये साडेतीन, म्हणजे साडेदहा टन फक्त पत्र्यामागच्या आडव्या दांड्यांत गेले. चौकटींचा फरक जेमतेम अडीच टन. आप्पा, रागावू नका, पण तुमच्या सातपूरच्या शेडची ताकद चौकटीत होती. पर्लिनमधलं जादा लोखंड त्या चौकटीला काडीचा आधार देत नाही, उलट तिच्यावर बसतं.

म्हणजे लेथवाला, तुमच्या फॅब्रिकेटरलाच सांगता येईल की चौकटी तुझ्या, पण पर्लिन आणि गर्ट बाजारातून तयार झेड घे. ४३ चे ३२-३३ टन होतात. ही मिश्र शेड तुमच्या मापाला अगदी योग्य पर्याय आहे, आणि कोणीही स्वतःहून सुचवत नाही.

आप्पा_वर्कशॉप

रागवायचं काय त्यात. झेड मी दोन ठिकाणी वापरलीय. पण सरळ सांगतो, पोरं तिच्यावर चालायला घाबरतात, पिळते ती. आणि एक मालक म्हणाला पर्लिनला पंखा लटकवायचाय, तर खालची वळवलेली कडा सोडून दुसरं काही धरायलाच नाही. चॅनलला काय, वेल्ड मारला की झालं.

साइटवर_भेटू

मी उभारणीचं काम बघतो, कंपनी कुठली ते सोडा. झेड पिळते ही आप्पांची तक्रार बरोबर आहे, पण ती पत्रा आणि सॅग रॉड लागेपर्यंतच. आणि झेडला वेल्ड मारायचा नाही, जस्त जळतं आणि २ मिलिमीटरमध्ये भोक पडतं.

झेड वापरणाऱ्या फॅब्रिकेटरकडून हमखास राहणारी गोष्ट म्हणजे लॅप. झेड एकमेकींत बसते म्हणून तिला चौकटीवर एकमेकींवर चढवून दोन्ही टोकांना बोल्ट करायचं असतं. त्यामुळे ती सहा गाळ्यांत एकसंध दांडीसारखी काम करते, आणि २ मिलिमीटर पुरते ती त्या जोरावरच. चॅनलची सवय असलेला माणूस तिला चौकटीवर टोकाला टोक लावून ठेवतो. दिसायला काही फरक नाही, पण त्या पर्लिनची डिझाइनमधली ताकद आता उरलेली नसते. खालून वर बघा: टोकाचे सोडून प्रत्येक राफ्टरवर पर्लिन दुहेरी दिसली पाहिजे, हातभर लांब तरी. एकेरी दिसली तर काम थांबवा.

दुसरी गोष्ट पीईबीत सगळीकडे राहते. राफ्टरच्या खालच्या पट्टीपासून वर पर्लिनपर्यंत तिरपा छोटा अँगल जातो. ड्रॉइंगवर त्याच्यापुढे एफबी, म्हणजे फ्लँज ब्रेस, असं लिहिलेलं असतं. उभारणीच्या शेवटी हे अँगल एका कोपऱ्यात ढिगाने पडलेले सापडतात. ठेकेदार म्हणतो, साहेब शेड उभी आहे की.

लेथवाला

ते कशासाठी असतात? शेड तर खरंच उभी राहते ना त्यांच्याशिवाय?

तिरपी_तुळई

उभी राहते, वादळ येईपर्यंत. छताचं स्वतःचं वजन पत्रा-पर्लिन-राफ्टर धरून चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो. आयएस ८७५ मध्ये नाशिक-पुण्याकडे वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद. त्यावरून दाब काढला, मोठ्या छताला मिळणारी सूट दिली, तरी शटर उघडं असताना वर उचलणारा जोर चौरस मीटरला ८०-९० किलोच्या घरात जातो. म्हणजे वादळात छत खाली बसत नाही, वर ओढलं जातं. तेव्हा राफ्टरच्या मधल्या भागात खालची पट्टी दाबाखाली येते, आणि पातळ लांब पट्टी दाबाखाली आडवी सटकते. तिला धरणारं तिथे दुसरं काहीही नाही, फक्त ते तिरपे अँगल. रोजच्या दिवशी तिथे दाब वरच्या पट्टीत असतो आणि तिला पर्लिन धरतात, म्हणून उणीव जाणवत नाही.

बाजारातल्या गर्डरलाही हीच गरज असते, पण त्याची पट्टी जाड असल्याने एखादा अँगल राहिला तरी निभावून जातं. आप्पांच्या जुन्या शेडमधलं 'लटकवलं तरी चालतं' यात हाच न मोजलेला साठा आहे. पीईबीत तो साठा ठेवलेलाच नसतो, त्यामुळे ड्रॉइंगमधला प्रत्येक तुकडा कामाचा असतो. माझ्या मते या दोन प्रकारांतला खरा फरक हा आहे, टनांचा नाही. पुढे काय लटकवणार, सोलर लावणार का, डक्ट जाणार का, हे पीईबीत आज लिहून द्यावं लागतं. चौरस मीटरला १५-२० किलो जादा भार आज मागितला तर लोखंड थोडंच वाढतं. नंतर मागितला तर काय होतं ते गोदामवाल्यांनी सांगितलंच आहे.

किनाऱ्याकाठी

आमचा छोटा कारखाना लोट्याला. कोणी गंजाबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो. पीईबीच्या कॉलममध्ये उभी प्लेट आणि पट्टी यांचा वेल्ड एकाच बाजूने असतो. दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते, रंग आत जात नाही. आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात त्या रेषेतून तांबडं ओघळायला लागलं. कोकणात पीईबी घेऊच नये असं माझं मत झालंय.

आप्पा_वर्कशॉप

बघा!

तिरपी_तुळई

लोट्याच्या हवेत, त्यात आसपास रसायनांचे कारखाने, तुमची तक्रार रास्त आहे. तिथे मी दोन्ही बाजूंनी वेल्ड मागते आणि तशी नोंद कोटेशनमध्येच करून घेते. कंपन्या थोडं कुरकुरतात, पण देतात. पण आप्पांनी लगेच आनंदू नये. आपल्या नेहमीच्या कैचीत पाठीला पाठ लावलेले दोन अँगल असतात, मधल्या फटीत ब्रश कधीच पोचत नाही. कोकणातल्या जुन्या कैच्या तिथूनच फुगतात.

साइटवर_भेटू

एकाच बाजूच्या वेल्डवर मी ताईंशी पूर्ण सहमत नाही. आतल्या कोरड्या शेडमध्ये तो वर्षानुवर्षं टिकलेला पाहिलाय, सिन्नरला दोन्ही बाजूंचा वेल्ड मागणं म्हणजे पैसे घालवणं.

तिरपी_तुळई

राफ्टरला चालेल. पण क्रेन बीमला आणि ज्या कॉलमवर क्रेनचा ब्रॅकेट आहे त्याला मी सिन्नरलाही दोन्ही बाजूंनी मागेन. तिथे भार रोज शेकडो वेळा चढतो-उतरतो. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, राहू द्या.

कांदाचाळ

लासलगावजवळ कांद्यासाठी शेड हवी आहे, ९ मीटर बाय १८ मीटर, क्रेन-बिन काही नाही. हा धागा वाचून पीईबीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला एवढ्या लहान कामाला येत नाही. काय करावं?

आप्पा_वर्कशॉप

दादा, एवढ्याला पीईबी कशाला. पाइपची कैची टाका, गावातला चांगला वेल्डर करून देईल. ९ मीटरला पाइपच्या कैचीइतकं हलकं काहीच नाही, पीईबीसुद्धा नाही. फक्त पाइपची टोकं झाकणं लावून बंद करा, नाहीतर आतून गंजेल. आणि कैची भिंतीला नुसती टेकवू नका, बोल्टने खाली बांधा.

तिरपी_तुळई

आप्पांचं शंभर टक्के बरोबर. लहान रुंदीला प्लेट कापून राफ्टर बनवायचा खर्च लोखंडाच्या बचतीपेक्षा जास्त होतो. फक्त एक जोडते: कांद्याला हवा खेळती लागते म्हणून बाजू उघड्या ठेवाल, मग वारा आत शिरून छत आणखी जोराने उचलेल. बोल्टवर कंजूषी नको.

लेथवाला

माझ्याकडे परत येतो. मातीचा रिपोर्ट आला. वर दीड मीटर काळी माती, खाली मुरूम. फॅब्रिकेटर म्हणतो पीईबीचा पाया स्वस्त पडतो हे खोटं आहे. कंपनी म्हणते खरं आहे.

तिरपी_तुळई

दोघंही आपापल्या सोयीचं बोलतायत. क्रेन नसलेल्या पीईबीत कॉलमचं बूड सहसा बिजागरीसारखं धरतात, म्हणजे पायावर वाकवणारा जोर येत नाही. कैचीच्या शेडमध्ये कॉलम खाली घट्ट रोवलेला असतो, त्याचा सगळा वाकवणारा जोर पायात उतरतो, म्हणून तो पाया मोठा. इथपर्यंत कंपनी बरोबर. पण पीईबीची चौकट पायांना बाहेरच्या बाजूला ढकलते. दीड मीटर काळ्या मातीतून वर आलेला पेडेस्टल हा आडवा जोर घेऊन उभा आहे, आणि ती माती उन्हाळ्यात भेगाळून त्याच्यापासून सुटते. तिचा आधार धरायचाच नाही. पाया मुरूमात नेऊन पेडेस्टल जाड करा, किंवा जमिनीच्या पातळीला टाय बीम द्या. शिवाय हलकी शेड वर उचलली जाते, तिला खाली धरायला पायाचं वजनही लागतं.

तुमच्याकडे तर क्रेन आहे. ३० मिलिमीटरची मर्यादा बिजागरीच्या बुडाने गाठायची तर कॉलम जड होतो, घट्ट बुडाने गाठायची तर पाया जड होतो. २७ टनवाल्याने कुठलं धरलंय ते विचारा. घट्ट धरलं असेल आणि तुमचा आरसीसीवाला बिजागरीच्या हिशेबाने पाया काढत असेल, तर शेड आणि पाया वेगवेगळ्या इमारतींचे होतील. कंपनी पायावर येणारे भार लिहून देते, तो कागद आरसीसीवाल्याच्या हातात गेला की नाही ते स्वतः बघा.

साइटवर_भेटू

आणि फाउंडेशन बोल्ट कंपनीच्या टेम्पलेटनेच बसवा. काँक्रीट पडल्यावर बोल्ट वाकवून बेसप्लेटच्या भोकात घालणारे गडी मी पाहिलेत, भोक गॅसने मोठं करणारेही. सांगाडा कारखान्यातून भोकं पाडून येतो, साइटवर त्याला सरकायला जागा नसते. गर्डरची शेड हे सहन करते कारण सगळं जागेवरच मापून कापलं जातं. हा आप्पांचा मुद्दा मला मान्य आहे.

लेथवाला

दोन्ही कंपन्यांना आणि फॅब्रिकेटरला एकच पान पाठवलं: आयएस ८००, लाइव्ह लोड ०.७५, छतावर जादा २० किलो, उंची भागिले २००, क्रेन बीम आणि रेल धरून. उत्तरं आली. २७ टनवाला साडेअठ्ठावीसवर गेला. २२ टनवाला एकदम ३० वर, आणि आता त्याची रक्कम पहिल्या कंपनीपेक्षा वर आहे. फॅब्रिकेटर झेड पर्लिन घेऊन ३४ टन म्हणतो. पैशात तिघंही आता जवळजवळ आलेत. पहिल्या कंपनीने बूड घट्ट धरलंय असं लेखी दिलं.

खरं तर आता ठरवणं आणखी अवघड झालंय. फॅब्रिकेटर दोन किलोमीटरवर राहतो, काही लागलं तर येईल. कंपनीवाले उभारून गेले की गेले.

आप्पा_वर्कशॉप

मग प्रश्नच कुठे उरला.

गोदामवाला_भिवंडी

उरला ना. फॅब्रिकेटर ३४ टनांचं डिझाइन कोणाकडून करून घेणार? त्याच्याकडे इंजिनिअर आहे का, की अंदाजाने माप टाकतो? कंपनी निदान हिशेबाची वही देते.

लेथवाला

त्याच्याकडे कोणी नाही. ताईंसारखं कोणाकडून करून घ्यावं लागेल, ते पैसे वेगळे. आणखी एक राहिलं: मागे २१ मीटर जागा मोकळी आहे, चार-पाच वर्षांनी शेड तिकडे वाढवायची आहे, क्रेनही तशीच पुढे न्यायची.

तिरपी_तुळई

हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! पीईबीत टोकाची चौकट बहुधा मधल्यासारखी नसते. तिला अर्ध्या गाळ्याचाच भार येतो म्हणून गेबलला, म्हणजे टोकाच्या भिंतीत, बारीक खांब उभे करून वर हलका राफ्टर टाकतात. शेड वाढवायची वेळ आली की तीच चौकट मधली होते, पूर्ण गाळ्याचा भार आणि क्रेनचा ब्रॅकेट तिच्यावर येतो, आणि मधले खांब क्रेनच्या वाटेत उभे असतात. मग ती उतरवून नवी बसवावी लागते, कारखाना चालू असताना. मागच्या टोकाला मधल्यासारखीच पूर्ण चौकट द्या आणि गेबलचे खांब नंतर काढता येतील असे बोल्टने जोडा, असं आताच लिहून घ्या. क्रेन बीमचं शेवटचं टोकही पुढचा बीम जोडता येईल असं. फॅब्रिकेटरच्या सातही चौकटी सारख्याच आहेत, त्याला इथे काही बदलावं लागणार नाही.

लेथवाला

कंपनीला फोन केला. म्हणाले, टोकाची चौकट बदलून ड्रॉइंग सोमवारपर्यंत पाठवतो, वजन किती वाढेल ते तेव्हाच सांगू. ड्रॉइंग आलं की इथेच टाकतो.

साइटवर_भेटू

टाका. आणि त्यात एफबी किती दाखवलेत ते मोजून ठेवा, साइटवर गाडी आली की तेवढे उतरवून घ्या.